चिप, बिल्ला आणि नोंद : हरवलेला कुत्रा घरी कसा परततो

आपल्या बीदर-कलबुर्गी भागात कुत्रा हरवला, तर तो आपल्याच गावात सापडेल असे नसते. भालकीहून निघालेली मालगाडी किंवा टेम्पो थोड्याच वेळात उदगीरला पोहोचतो. आळंदचा माणूस बाजाराला उमरग्याला जातो, औरादचा देगलूरला जातो आणि बीदरचा जहीराबादला. फटाक्यांना घाबरून पळालेला, कोणीतरी दया येऊन गाडीत घेतलेला किंवा आवडला म्हणून उचलून नेलेला कुत्रा एका रात्रीत दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. तिथे नगरपालिका, दफ्तर आणि फलकांवरची भाषा सगळेच वेगळे असते.

कुत्र्याच्या अंगात बसवण्याची चिप, नगरसंस्थेचा परवाना आणि गळ्यातला बिल्ला या तीन गोष्टींची माहिती सभासद कुटुंबांना एका ठिकाणी मिळावी, म्हणून हा लेख. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. चिप म्हणजे पत्ता नव्हे. चिप म्हणजे फक्त एक क्रमांक. तो क्रमांक कोणाच्या वहीत, कोणाच्या नावाने आणि कोणत्या फोन नंबरासह लिहिला आहे, यावर कुत्रा परत येणे अवलंबून असते.

चिप म्हणजे नेमके काय

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. नेहमीच्या मापाची सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. बाहेरून काचेची बंद नळी आणि आत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे व एक इवलीशी इलेक्ट्रॉनिक चकती. तिच्यात बॅटरी नसते. पशुवैद्य स्कॅनर जवळ आणतात, तेव्हा स्कॅनरच्या लहरींतूनच चिपला क्षणभर ऊर्जा मिळते आणि ती आपला १५ अंकी क्रमांक परत पाठवते. स्कॅनर दूर गेला की चिप पुन्हा गप्प.

यावरून दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा, की चिप बसवली म्हणजे कुत्रा कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल. तसे होत नाही. चिप उपग्रहाशी बोलत नाही आणि तिचा क्रमांक जेमतेम वीतभर अंतरावरूनच वाचता येतो. दुसरा गैरसमज असा, की आजकालच्या मोबाईलने ती वाचता येईल. तेही होत नाही. पैसे देण्यासाठी मोबाईलमध्ये जी जवळून वाचण्याची सोय असते, तिची लहर १३.५६ मेगाहर्ट्झची असते. प्राण्यांच्या चिपची लहर १३४.२ किलोहर्ट्झची असते. दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून ज्याला कुत्रा सापडेल त्याने तो स्कॅनर असलेल्या ठिकाणी नेल्याशिवाय चिपचा काही उपयोग नाही.

चिप मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली सुईने सोडतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, पण काम क्षणाचे असते आणि त्यासाठी भूल द्यावी लागत नाही. चिप बसवल्यावर ती जागा एक-दोन दिवस चोळू नये आणि कुत्र्याला लगेच अंघोळ घालू नये. ती काच कातडीखाली कायमची राहते.

१५ अंक कसे वाचायचे

आपल्याकडच्या गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, तो सर्वांनी पाहिला आहे. त्यावर १२ अंक असतात आणि तो क्रमांक सरकारच्या एका संगणकीय दफ्तरात जनावराच्या मालकाच्या नावाने चढवलेला असतो. कुत्र्याच्या चिपचा क्रमांक १५ अंकी असतो. खरा फरक मात्र अंकांच्या संख्येत नाही, दफ्तरात आहे. कुत्र्यांसाठी देशभरचे असे एकच सरकारी दफ्तर नाही. एखाद्या कुत्र्याची नोंद चिप विकणाऱ्या कंपनीकडे असते, दुसऱ्याची केनल क्लबकडे, तिसऱ्याची एखाद्या महानगरपालिकेकडे आणि बऱ्याच कुत्र्यांची फक्त डॉक्टरांच्या वहीत.

क्रमांकाचे पहिले तीन अंक बघावेत. ते ३५६ असतील, तर तो भारताचा देश-क्रमांक. सुरुवात ९ ने होत असेल, तर ते तीन अंक बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ९०० हा क्रमांक मात्र अनेक लहान उत्पादक मिळून वापरतात, त्यामुळे त्यावरून कंपनी ओळखता येत नाही. आणि ९९९ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर ती चिप बसवून घेऊ नये. तो आकडा चाचणीसाठी राखलेला आहे आणि तोच क्रमांक दुसऱ्या कुठल्या कुत्र्यात नसेल याची खात्री कोणी देत नाही. स्वस्त मिळाली म्हणून इंटरनेटवरून मागवलेल्या चिपांच्या बाबतीत हे आधी तपासावे.

चिप बसवताना डॉक्टरांना तीन गोष्टी नम्रपणे सांगाव्यात. सुई टोचण्याआधी कुत्रा स्कॅन करावा, कारण त्याच्यात आधीच चिप असू शकते. मग पाकिटातली चिप स्कॅन करून तिचा क्रमांक पाकिटावरच्या चिकटपट्टीशी जुळवावा. टोचून झाल्यावर पुन्हा कुत्रा स्कॅन करावा, म्हणजे चिप खरोखर आत गेली, सुईबरोबर केसांत पडली नाही, हे कळते. पाकिटात क्रमांकाच्या छोट्या चिकटपट्ट्या असतात. एक लसीकरण कार्डावर, एक डॉक्टरांच्या वहीत आणि एक घरच्या कागदांत लावून ठेवावी.

पिल्लू विकत घेताना

केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम काढले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचे नसते आणि विकलेल्या कुत्र्याला चिप असावी लागते. चेन्नईच्या केनल क्लब ऑफ इंडियाची वंशावळीची कागदपत्रे असलेल्या कुत्र्यांचा चिप क्रमांक त्या दाखल्यावर असतो.

आपल्या भागात मुधोळ जातीच्या कुत्र्यांची आवड जुनी आहे. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात सांभाळली आणि टपाल खात्याने २००५ मध्ये तिचे तिकीट काढले. आपल्या बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र मुधोळजवळ तिम्मापूर येथे आहे, हेही इथे सांगण्यासारखे. अशा जातिवंत पिल्लांच्या अंगात पुष्कळदा चिप आधीच असते. आणि नेमके इथेच चुकते.

पिल्लाची चिप पैदास करणाऱ्याच्या नावाने नोंदलेली असते. आपण पैसे देतो, पिल्लू घरी आणतो, बारसे करतो, पण नोंद बदलून घेत नाही. दोन वर्षांनी कुत्रा हरवतो, सापडणारा माणूस चिप वाचून घेतो आणि फोन जातो मूळ विकणाऱ्याला. त्याने दोन वर्षांत शंभर पिल्ले विकलेली असतात. म्हणून पिल्लू घेतानाच विकणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: १५ अंकी क्रमांक, तो कोणत्या नोंदवहीत आहे तिचे नाव, विक्रीची तारीख आणि नोंद आपल्या नावावर करण्यास त्याची सही असलेली संमती. घरी आल्यावर पहिल्या लसीच्या वेळी पिल्लू स्कॅन करून क्रमांक तोच आहे ना, हे बघावे. नात्यातल्या कोणी शेतावर राखणीला कुत्रा दिला, तरी हेच करावे. आपल्याकडे कुत्रे विकत घेण्यापेक्षा दिले-घेतले जास्त जातात आणि दिलेल्या कुत्र्याची नोंद बहुधा जुन्या घरातच राहते.

परवाना आणि बिल्ला

परवाना वेगळा आणि चिप वेगळी. परवाना देते स्थानिक संस्था: कलबुर्गीत महानगरपालिका, तालुक्याच्या गावी पुरसभा किंवा नगरसभा, खेड्यात ग्रामपंचायत. सीमेपलीकडे उदगीर, उमरगा, अक्कलकोट इथे नगरपरिषद. अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा आणि शुल्क किती, हे प्रत्येक गावी निराळे असते, पण कागद बहुतेक सारखेच लागतात. पिसाळीच्या म्हणजे रेबीजच्या लसीचा चालू वर्षाचा दाखला, मालकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो, आणि नसबंदी झाली असेल तर तिचा दाखला. परवाना साधारणपणे वर्षभराचा असतो आणि लसीबरोबरच त्याचे नूतनीकरण करणे सोयीचे पडते. आपल्या संस्थेने अजून परवान्याचे काम सुरू केले नसेल, तर या माहितीचा साधा अर्ज आरोग्य विभागात देऊन पोच घ्यावी. पुढे मालकीचा वाद उभा राहिला, तर तारखेची पोच उपयोगी पडते.

मोठ्या शहरांत ही दोन्ही कामे आता एकत्र होऊ लागली आहेत. चेन्नई महानगरपालिकेने २०२५ मध्ये परवान्याबरोबर चिपही बंधनकारक केली. बेंगळुरूत २०१८ मध्ये चिपसकट नवी नियमावली आणली होती, पण घरागणिक कुत्र्यांची संख्या ठरवण्यावरून वाद झाला आणि ती मागे घ्यावी लागली. म्हणून तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी गावाकडच्या अनुभवावर न जाता तिथल्या महानगरपालिकेत विचारावे.

कुत्रा कोणाचा, हे बघताक्षणी कळावे, ही बिल्ल्यामागची जुनी गरज आहे. मुंबईत १८३२ साली भटके कुत्रे मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. मारणारे लोक घरचे कुत्रेही ओढून नेऊ लागले, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि शहरात दंगल झाली. आज कुत्रे मारण्याचा हुकूम नाही, पण गाडी येते तेव्हा घरचा कुत्रा आणि भटका कुत्रा यांतला फरक अजूनही गळ्यातल्या पट्ट्यावरूनच केला जातो.

गाडीने नेलेल्या कुत्र्याचे काय होते

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांना पकडून त्यांची नसबंदी करतात, पिसाळीची लस देतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आणि जिथून पकडले तिथेच परत सोडतात. भटक्या कुत्र्यासाठी हे ठीक आहे, कारण ती त्याची जागा असते. पण हरवलेला घरचा कुत्रा तिथे दोन दिवसांपूर्वीच आलेला असतो. पट्टा तुटलेला असेल आणि चिप कोणी बघितली नाही, तर त्याची नसबंदी होऊन तो परक्या चौकात सोडला जाईल. नियम पाळले गेले आणि तरीही कुत्रा घरी आला नाही, असे होईल.

त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने आणखी भर पडली आहे. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके इथले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायचे आणि त्याच जागी परत सोडायचे नाहीत, असा तो आदेश आहे. हरवलेला कुत्रा अन्नाच्या वासाने नेमका बसस्थानकाकडे आणि स्टेशनकडेच जातो. त्यामुळे कुत्रा हरवल्यावर चौकशी करताना फक्त गल्लीत शोधू नये. नगरसंस्थेच्या आरोग्य विभागात आणि निवारा असेल तिथे जाऊन प्रत्यक्ष बघावे आणि आपल्या कुत्र्याचा चिप क्रमांक लेखी देऊन ठेवावा. "चिप आहे, स्कॅन करून बघा" असे सांगितल्याशिवाय तिथे कोणी स्कॅनर शोधेल, असे धरून चालू नये.

एक उदाहरण : भालकीचा मोती

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. भालकीच्या एका घरी मोती नावाचा तीन वर्षांचा कुत्रा आहे. त्याचा चिप क्रमांक, नमुन्यादाखल, ३५६०९८१०००१२३४५. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा बार झाला, दार उघडे होते, मोती पळाला. स्टेशन रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने तो थरथरत बसलेला पाहिला, गाडीत घेतला आणि सकाळी उदगीरला उतरवला. तिथे एका दुकानदाराने त्याला बांधून ठेवले आणि पाणी दिले.

आता पहिला प्रकार. मोतीच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्यावर पत्र्याचा बिल्ला आहे. बिल्ल्यावर दोन फोन नंबर आहेत. दुकानदार फोन करतो आणि दुपारपर्यंत मोती घरी. इथे चिपची गरजच पडली नाही. बहुतेक कुत्रे असेच परततात, म्हणून बिल्ला हे पहिले साधन.

दुसरा प्रकार. पळताना काटेरी कुंपणात पट्टा निघून गेला. दुकानदाराला कुत्रा पाळीव दिसतो, म्हणून तो त्याला पशुवैद्यकाकडे नेतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जसे आपल्या बीदरला नंदीनगर येथे आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना असे एकेक मोठे ठिकाण आहे. कुत्रा नेण्याआधी तिथे फोन करून स्कॅनर चालू आहे का, हे विचारावे. स्कॅनर मिळाला, चिप वाचली, पडद्यावर १५ अंक आले. पण ३५६ वरून देश कळतो, घर कळत नाही. डॉक्टरांनी कोणत्या नोंदवहीत बघायचे? चिप विकणाऱ्या कंपनीच्या वहीत मूळ विकणाऱ्याचे नाव आहे आणि त्याचा जुना नंबर बंद झालेला आहे. कर्नाटकातल्या नगरसंस्थेचा परवाना महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना दिसत नाही. इथे साखळी तुटली.

तिसरा प्रकार. सगळे तसेच, पण मोतीच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी चिप आपल्या नावावर करून घेतली होती आणि नोंदीत दोन नंबर दिले होते, एक घरचा आणि एक पुण्यातल्या मुलीचा. शिवाय हरवल्याच्या सकाळीच त्यांनी उदगीर, कमलनगर, औराद, बीदर आणि निलंगा इथल्या पशुवैद्यकांना फोटो आणि चिप क्रमांक पाठवला. डॉक्टरांनी पडद्यावरचे शेवटचे अंक पाहिले, निरोपातल्या अंकांशी जुळवले आणि फोन केला. कोणत्या नोंदवहीत शोधायचे, हा प्रश्नच उरला नाही, कारण क्रमांक आधीच तिथे पोहोचला होता.

तिन्ही प्रकारांत चिप एकच होती. फरक पडला तो नोंदीने आणि निरोपाने. सीमाभागात क्रमांक दफ्तरात शोधला जाईल, याची वाट बघू नये. क्रमांक आपणच पुढे पाठवावा.

स्कॅन केले आणि काहीच आले नाही तर

स्कॅनर फिरवला आणि पडदा कोराच राहिला, म्हणजे चिप नाही, असे लगेच म्हणता येत नाही. वर्षांनुवर्षांत चिप कातडीखाली सरकते. ती खांद्यावरून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत किंवा छातीकडे गेलेली आढळते. म्हणून स्कॅनर फक्त मानेवर न फिरवता पाठ, दोन्ही बाजू, छाती आणि पुढचे पाय यांवरून सावकाश, नागमोडी फिरवावा. अंगाला जवळजवळ लावूनच धरावा आणि एकदा झाले की पुन्हा दुसऱ्या दिशेने फिरवावा. लोखंडी साखळी आणि धातूचे टेबल यांमुळे लहरींना अडथळा होतो, त्यामुळे पट्टा काढून, शक्यतो जमिनीवर ठेवून बघावे. स्कॅनरची बॅटरी उतरलेली असली, तरी तो जेमतेम चालतो आणि चिप चुकते.

जुन्या काळी परदेशात १२५ किलोहर्ट्झच्या चिपाही वापरत असत. परदेशातून आलेल्या कुटुंबाच्या कुत्र्यात अशी चिप असेल, तर इथला साधा स्कॅनर ती वाचेलच असे नाही. घरच्या कुत्र्याची चिप अजून वाचली जाते ना, हे दरवर्षी लसीच्या वेळी स्कॅन करून बघणे हा यावरचा सोपा उपाय. त्याच वेळी ती कुठे सरकली आहे, तेही कळते आणि कार्डावर लिहून ठेवता येते.

चिपमुळे खरोखर किती फरक पडतो

अमेरिकेत २३ राज्यांतल्या ५३ निवाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे भटके म्हणून आलेल्या सर्व कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत गेले होते आणि चिप असलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के. फरक मोठा आहे, पण तो सगळाच चिपचा नव्हे. जे लोक चिप बसवतात, ते हरवल्यावर शोधही जास्त घेतात. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांत सर्वांत मोठे कारण फोन नंबर चुकीचा किंवा बंद असणे हे होते. तिथे तर नोंदवह्या सुरळीत चालतात. आपल्याकडे मोबाईल कार्ड बदलणे किती सहज आहे, ते सांगायला नको.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला चिप असणे सक्तीचे झाले, आणि नुसती चिप पुरत नाही, तर नोंदीतला पत्ता व फोन चालू असणेही मालकावर बंधनकारक आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशात आहेत आणि कुत्रा तिकडे न्यायचा विचार आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: युरोपीय देशांत चिप आधी आणि पिसाळीची लस नंतर, असा क्रम लागतो. चिपच्या आधी दिलेली लस तिथे मोजत नाहीत आणि पुन्हा द्यावी लागते. भारतातून जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची वाट, एवढा वेळ धरावा लागतो.

मालकीचा वाद झाला तर

जातिवंत कुत्रा सापडला, की तो परत न देणारेही भेटतात. अशा वेळी चिप हा चांगला पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही, कारण चिपवर नाव नसते. चिकटपट्टी लावलेले लसीकरण कार्ड, डॉक्टरांच्या वहीतली नोंद, परवाना किंवा अर्जाची पोच, खरेदीची पावती आणि पिल्लू असल्यापासूनचे फोटो, हे सगळे एकत्र असले म्हणजे बाजू भक्कम होते. पोलिसांत तक्रार देताना कुत्र्याच्या वर्णनाबरोबर १५ अंकी क्रमांक लिहावा आणि समोरच्या व्यक्तीकडचा कुत्रा पोलिसांसमोर स्कॅन करण्याची विनंती करावी. क्रमांक जुळला, की पुढचे बोलणे फार वाढत नाही.

बिल्ल्यावर काय लिहावे

बिल्ल्यावर कुत्र्याचे नाव नसले तरी चालते. नाव लिहिल्याने परक्या माणसाला कुत्रा हाक मारून नेणे सोपे जाते. दोन फोन नंबर मात्र हवेतच, आणि ते इंग्रजी आकड्यांत कोरावेत. आपल्याकडे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा चालतात, पण फोन लावताना सगळे तेच आकडे वाचतात. मागच्या बाजूला "चिप आहे" हे कन्नड व मराठीत लिहिले, तर सापडणाऱ्याला स्कॅन करण्याचे सुचते. हरवल्याची चिठ्ठी लावताना मात्र जिथे लावायची, तिथल्या भाषेत लिहावी. उदगीरला मराठीत, हुमनाबादला कन्नडमध्ये आणि जहीराबादला तेलुगूत. फोटोत कुत्र्याची एखादी खूण स्पष्ट दिसावी आणि एक खूण मुद्दाम लिहू नये. फोन करणारा खरा की खोटा, ते त्या न लिहिलेल्या खुणेवरून विचारता येते.

घरात ठेवायचे एक पान

शेवटी, लसीकरण कार्डाबरोबर ठेवण्यासाठी एका पानाचा मजकूर देत आहोत. सभासदांनी तो भरून, फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवावा.

कुत्र्याचा १५ अंकी चिप क्रमांक, आणि शेजारी चिकटपट्टी.
चिप कोणत्या नोंदवहीत आहे आणि तिथे नोंदलेले दोन फोन नंबर.
चिप बसवल्याची तारीख आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा फोन.
शेवटच्या वेळी स्कॅन केल्याची तारीख आणि चिप अंगावर कुठे सापडली.
परवाना क्रमांक किंवा अर्जाच्या पोचेची तारीख.
पिसाळीच्या लसीची पुढची तारीख.
समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो, सहा महिन्यांपेक्षा जुने नसलेले.
आपल्या गावातल्या आणि सीमेपलीकडच्या जवळच्या दोन गावांतल्या पशुवैद्यकांचे फोन.

यातली शेवटची ओळ बहुतेकांच्या पानावर कोरी असेल. ती दिवाळीच्या आधी भरावी.